रोबोटिक हाताची मूठ मिटताच बोटं फडफडतात: दोष सेन्सरचा की दोरीचा?

सोल्डर_वेंगुर्ला (धागाकर्ता)

मंडळी, वेंगुर्ल्यात माझं मोबाईल आणि मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पावसात गिऱ्हाईक कमी, म्हणून जून लागल्यापासून एक हात बनवायला घेतलाय. बोटं इनमूव्हच्या फुकट मिळणाऱ्या आराखड्यावरून थ्रीडी प्रिंट केली, तळवा आणि मनगट मात्र मी माझ्या पद्धतीने पुन्हा काढलं, कारण मूळ तळव्यात माझे हात वळेनात. साहित्य पीएलए. प्रत्येक बोटाला एक दोरी, ती तळव्यातून आणि मनगटातून कोपराकडच्या भागात येते आणि सर्व्होच्या चकरीला बांधलेली आहे. सर्व्हो पाच, एमजी९९६आर. बोट उघडायला मागच्या बाजूने केसांना लावायचं रबर.

स्नायूचा सेन्सर एकच, माझ्याच उजव्या हाताच्या आतल्या बाजूला. कोपराखाली चार बोटं सोडून दोन इलेक्ट्रोड, तिसरा कोपराच्या हाडावर. हा सेन्सर कच्चा सिग्नल न देता गुळगुळीत केलेला देतो. हात सैल सोडला की आर्डुइनोवर ४०-५० दिसतात, मूठ वळली की २८० ते ३२०. इथवर झकास.

```
int env = analogRead(A0);
if (env > 120) closeHand();
else openHand();
```

आता त्रास ऐका. मी मूठ वळतो, रोबोची मूठ मिटते, आणि पूर्ण मिटली की बोटं फडफडायला लागतात. उघड-मीट, उघड-मीट, सेकंदाला चार-पाच वेळा. मी माझा हात सैल सोडला तरी काही वेळ चालूच. स्टीलचा पेला धरायला दिला की हमखास खाली. आवाज ऐकून शेजारची काकू विचारते, कसली भांडी आदळतोस रे? सेन्सर बदलून पाहिला, नवीनही तसाच. कुठे बघू?

फिल्टरवाला

सरळ आहे. ५० हर्ट्झ. आपल्या घरातली वायरिंग म्हणजे अँटेना आणि तुमचं शरीर म्हणजे दुसरी अँटेना. स्नायूचा सिग्नल मिलिव्होल्टच्या आसपास, बहुतेक वेळा त्याहून कमी. त्यावर मेन्सची गुणगुण चढली की सेन्सरला तीच मूठ वाटते. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर टाका, प्रश्न मिटला. मी कॉलेजच्या प्रोजेक्टला हेच केलं होतं.

सोल्डर_वेंगुर्ला

दादा, पण सगळं बॅटरीवर आहे. दोन १८६५० सेल सिरीजमध्ये, त्यावर ५ व्होल्टचं ३ अँपिअरवालं बक मॉड्यूल, त्याच्यावरच सर्व्हो, आर्डुइनो आणि सेन्सर. लॅपटॉपही चार्जरविना. काल गावभर लाईट गेली होती तेव्हाही हात फडफडत होता. तेव्हा कुठली गुणगुण?

सुपारीबाग

श्रीवर्धनहून. छान उपक्रम! हा हात सुपारी सोलू शकेल का? आमच्याकडे सोलायला माणसं मिळत नाहीत. पाच बोटं नको, तीन चालतील. किंमत साधारण काय पडेल ते सांगावे.

सोल्डर_वेंगुर्ला

काका, आत्ता हा पेला धरत नाही, सुपारी कुठली सोलतोय. :)

रापणकार

दोरी कसली लावलंस ता सांग आदी. तंगूस काय?

सोल्डर_वेंगुर्ला

होय, ०.८ चा तंगूस. बंदराजवळच्या दुकानातून आणला. गरीला लावतात तोच.

रापणकार

मगे झाला. तंगूस ताणता रे बाबा. गरीक तो ताणाचो म्हणानच लावतत, मासो हिसको मारता तेव्हा त्येचा तोंड फाटाक नये म्हणान. भिजल्यार आणखीनच ताणता. तुझ्या बोटाक ताणणारी दोरी कित्याक होई? विणलेली घे, दुकानात ब्रेडेड म्हणान मागलंस की देतत. ती ताणत नाय. पण एक ध्यानात ठेव, ती लय गुळगुळीत, साधी गाठ सरकता. दोरी दुहेरी करून कडीतून काढ, मगे गाठ मार आणि तो दुहेरी टोकाचो फास कडीवरसून उलटो घाल. वरसून फेविक्विकाचो एक थेंब. आमी त्येका पालोमार म्हणतो.

सोल्डर_वेंगुर्ला

पटलं. मोजून पण पाहिलं. चकरीपासून बोटाच्या टोकापर्यंत दोरी साधारण ३० सेंटिमीटर. ओढल्यावर तंगूस दीड सेंटिमीटर लांबतो. बोट पूर्ण मिटायला दोरी ओढावी लागते अडीच सेंटिमीटर. म्हणजे सर्व्होची बरीच मेहनत तंगूस ताणण्यातच. उद्या ब्रेडेड टाकतो.

सोल्डर_वेंगुर्ला

टाकली. बोटं आता झटकन आणि पूर्ण मिटतात. रापणकार भाऊ, गाठ एकदम पक्की बसली.

पण फडफड दुप्पट झाली! आधी पेला धरल्यावर एखाद सेकंद तरी थांबायची, आता मिटल्या मिटल्या सुरू. बक मॉड्यूलला हात लावला तर चटका बसला. मी पूर्ण गोंधळलोय. चांगली दोरी लावून वाईट झालं?

मंदगती

धागा आजच पाहिला. मी रत्नागिरीत वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीत आहे, ईसीजी आणि ईएमजी दोन्हींशी रोजची भांडणं.

चांगली दोरी लावून वाईट झालं हाच तुमचा सगळ्यात उपयोगी पुरावा आहे, तो सोडू नका. सेन्सर बदलला तेव्हा काहीच बदललं नाही, दोरी बदलली तेव्हा बदललं. मग सेन्सरच्या मागे का लागायचं? तरी अंदाजाने बोलण्यापेक्षा तीन गोष्टी करून बघा.

एक, सर्व्होच्या चकऱ्यांवरून पाचही दोऱ्या काढा आणि मूठ वळा. सर्व्हो मोकळे फिरतील. फडफडतात का?

दोन, दोऱ्या परत लावा, पण सेन्सरचं ऐकणारा कोड बंद ठेवा. सर्व्हो घड्याळावर चालवा, तीन सेकंद मीट, तीन सेकंद उघड. तुमचा स्वतःचा हात मांडीवर सैल ठेवा आणि सेन्सरचा आकडा सीरियल प्लॉटरवर बघत राहा. स्नायू काहीच करत नाहीये, तेव्हा रेघ सपाट राहायला हवी.

तीन, त्याच वेळी मल्टिमीटर ५ व्होल्टच्या रेषेवर ठेवा.

आणि एक ताकीद. इलेक्ट्रोड अंगावर असताना लॅपटॉप चार्जरला लावू नका, एका मिनिटासाठीसुद्धा. आत्ता बॅटरीवर आहात ते बरोबर आहे, तसंच राहू द्या.

सोल्डर_वेंगुर्ला

ताई, केलं तिन्ही.

दोऱ्या काढल्या की फडफड शून्य. मूठ वळली, चकऱ्या फिरल्या, सोडली, परत आल्या. एकदम शहाण्यासारख्या.

दोऱ्या लावून घड्याळावर चालवलं तर रेघ सपाट नाही! बोटं मिटत असताना थोडी हलते, आणि पूर्ण मिटली की एकदम उसळी, ४५ वरून २०० च्या पुढे. माझा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. व्होल्टेज ५.०५ वरून ४.४ पर्यंत पडतं.

मंदगती

मग चोर सापडला. मल्टिमीटर संथ असतो, त्यामुळे ४.४ दिसलं म्हणजे क्षणभर त्याहूनही खाली गेलं असणार.

काय होतंय ते सांगते. बोट मिटून अडलं तरी सर्व्होला तुम्ही दिलेला कोन गाठायचाच असतो, त्यामुळे तो अडून जोर लावत राहतो. एमजी९९६आर अडला की एकटा दोन-अडीच अँपिअर मागू शकतो. पाच जण एकदम अडले की तुमचं ३ अँपिअरचं मॉड्यूल कोसळणार. त्याच रेषेवर सेन्सर बसलाय. त्याच्या दृष्टीने पुरवठ्याला बसलेला धक्का आणि स्नायूचा सिग्नल यांत फरक नाही, तो दोन्ही वाढवून तुमच्यापुढे ठेवतो. शिवाय आर्डुइनो मोजमाप करताना स्वतःच्याच ५ व्होल्टला फूटपट्टी धरतो. फूटपट्टीच आखडली तर तीच गोष्ट मोठी भरते.

आता तुमचा कोड बघा. १२० च्या वर गेलं की मीट, खाली आलं की उघड. सर्व्हो अडले, रेषा कोसळली, पुरवठा वरखाली व्हायला लागला, आकडा १२० च्या आजूबाजूला नाचायला लागला, आणि हात त्याच्या तालावर. तुम्ही हात सैल सोडल्यावरही तो चालू राहतो, कारण तेव्हा तो तुमचं ऐकतच नसतो. स्वतःचंच ऐकत असतो.

तंगूस होता तेव्हा त्याच्या ताणामुळे सर्व्हो उशिरा आणि हळू अडायचा. तो नकळत गादीचं काम करत होता. ब्रेडेड लावली आणि गादी गेली. रापणकारांचा सल्ला चुकीचा नाही, दोरी तीच ठेवा. फक्त जी लवचीकता दोरीत नको आहे ती दुसरीकडे, आपल्याला मोजता येईल अशा जागी द्यावी लागेल.

फिल्टरवाला

ताई, मान्य, पण नॉच फिल्टरने नुकसान तर नाही ना? टाकून ठेवायला काय हरकत?

मंदगती

हरकत आहे. स्नायूच्या सिग्नलचा मोठा भाग साधारण ५० ते १५० हर्ट्झमध्येच असतो. ५० ला खाच पाडली की गुणगुणीबरोबर खरा सिग्नलही कापला जातो. आधी कारण घालवावं, वायरी आखूड ठेवाव्यात, पिळून घ्याव्यात. गुणगुण खरंच असेल आणि हटत नसेल तरच नॉच. आणि यांचा सेन्सर आधीच गुळगुळीत करून देतो, त्यानंतर ५० हर्ट्झ काढण्याला अर्थ नाही, ते आधी करायचं काम आहे.

फिल्टरवाला

हे मला माहीत नव्हतं. पण एक सांगतो, माझ्या प्रोजेक्टला त्रास खरा होता. चिपळूणला घरी जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर. लाईट गेली की सिग्नल आणखी घाण व्हायचा आणि नॉचने काही फरक पडायचा नाही.

मंदगती

बरोबरच आहे तुमचं. चौकोनी लहरीत ५० बरोबर १५०, २५०, ३५० असं सगळं बिऱ्हाड येतं. ५० चा एक दरवाजा बंद करून बाकीचे कसे थांबतील? तुमचं निरीक्षण खरं, फक्त या धाग्यातला आजार तो नाही.

गुहागरकर_७

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी उसाच्या चरकात गेला. कोपराखाली चार-पाच इंच शिल्लक आहे. असा हात त्याला करून देता येईल का? खर्चाची तयारी आहे. तो आता डाव्या हाताने सगळं करतो, पण नारळ सोलता येत नाही याचं त्याला फार वाटतं.

सोल्डर_वेंगुर्ला

दादा, खोटं कशाला बोलू. माझा हात टेबलावर स्क्रूने बसवलेला आहे. अंगावर घालायचा म्हणजे काय ते मला येत नाही.

कवचकार

मी मुंबईत कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत काम करतो, मूळचा मालवणचा. गुहागरकर, बोटं आणि मोटर हा भाग पैसे टाकून मिळतो. अवघड असतं ते कवच, म्हणजे उरलेल्या हातावर घट्ट बसणारा भाग. तो भावाच्या हाताचा साचा घेऊनच करावा लागतो. तो सैल झाला तर इलेक्ट्रोड त्वचेवरून हलतात आणि हात वाटेल तेव्हा उघडतो. घट्ट झाला तर जखमा. आणि पाच सर्व्होचंच वजन पाव किलोच्या वर, ते सगळं त्या चार-पाच इंचांवर लटकणार.

कोपराखाली एवढं शिल्लक असेल तर स्नायू बहुधा सापडतील, तपासून घ्यावं लागेल. पण नारळ सोलायचा असेल तर मी उलटंच सांगेन. खांद्याच्या पट्ट्याने ओढून उघडणारा धातूचा आकडा त्या कामाला बरा. रबराने मिटतो, पाण्याला घाबरत नाही, मोडला तर गावात दुरुस्त होतो, आणि पट्ट्यावरच्या ताणावरून माणसाला कळतं की आकडा किती उघडलाय. मोटरच्या हातात ते कळत नाही. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे भावाला घेऊन जा आणि दोन्ही प्रकार घालून बघायला मागा.

गुहागरकर_७

आकडा म्हटल्यावर तो नाराज होईल बहुतेक. त्याला बोटं दिसायला हवीत. पण घेऊन जातो.

कवचकार

तेही चुकीचं नाही. मनगटाशी जोड एकच ठेवून कामाला आकडा आणि लग्नाकार्याला हात असं बदलून घालणारे आहेत.

सोल्डर_वेंगुर्ला

ताई, परत मूळ विषयाकडे. सर्व्होला वेगळा पुरवठा दिला. सेल तेच, पण ६ व्होल्ट १० अँपिअरचं मॉड्यूल फक्त सर्व्होंना, सोबत १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आर्डुइनो आणि सेन्सर पॉवर बँकेवर. दोन्हीकडची ग्राउंड एकाच ठिकाणी जोडली. घड्याळाची चाचणी पुन्हा केली, उसळी २०० वरून ७० वर आली.

फडफड जवळजवळ थांबली. पण अनामिका आणि करंगळी अजून रडतात. त्यांचे सर्व्हो नुसत्या रिकाम्या मुठीलासुद्धा घुरघुरतात, तर्जनीचा आवाज नाही. सर्व्हो अदलाबदल करून पाहिले, घुरघुर बोटाबरोबर राहते, सर्व्होबरोबर जात नाही.

मंदगती

अदलाबदल करून पाहिलीत हे फार चांगलं केलंत. मग आता दोरीचा रस्ता. वजन करायचा हुकाचा काटा आहे का? बाजारात मासळी तोलतात तसला?

दोन मिळाले तर उत्तम. बोटाकडचं टोक एका काट्याला बांधा, कोपराकडचं दुसऱ्याला. बोटाकडच्या काट्यावर २ किलो दिसेपर्यंत कोपराकडून हळूहळू ओढा, आणि ओढत असतानाच दुसऱ्या काट्यावर किती आहे ते वाचा. थांबल्यावर वाचू नका, थांबलं की घर्षण उलट बाजूने मदत करायला लागतं आणि आकडा फसवा येतो.

सोल्डर_वेंगुर्ला

एक काटा माझा, एक कोळणीकडून मागून आणला. तिला कारण सांगितलं तर म्हणाली, मोडलंस तर नवीन घेऊन दे.

बोटाकडे २ किलो ठेवून कोपराकडे किती लागलं:
तर्जनी २.६ ते २.७
मधलं बोट ३
अनामिका ४.४
करंगळी ४.८ ते ५, थरथरत

म्हणजे अनामिकेत निम्म्याहून जास्त जोर वाटेतच खर्च! भोकं तर सगळी एकाच मापाची, २ मिलिमीटरची. प्रिंटही एकाच वेळी काढलेला.

मंदगती

भोक नव्हे, वळणं मोजा. दोरी कुठे कुठे किती अंशांत वळते ते प्रत्येक बोटाचं बेरीज करून सांगा. डावीकडे वळून परत उजवीकडे आली तर दोन्ही वळणं धरायची, वजा करायची नाहीत.

सोल्डर_वेंगुर्ला

प्रोग्रॅममध्ये आराखडा उघडून मोजलं. तर्जनी सगळी मिळून ६० अंश. अनामिका १७०. मी तळवा पुन्हा काढताना स्क्रूला जागा हवी म्हणून तिला नागमोडी नेली होती. करंगळी त्याहून जरा जास्त.

मंदगती

बघा, गणित किती छान जुळतं. वळणावरून ओढलेल्या दोरीचा ताण वळणागणिक गुणला जातो, नुसता वाढत नाही.

```
T2 = T1 * e^(mu * theta)
```

T1 बोटाकडचा ताण, T2 कोपराकडचा, mu म्हणजे घासण्याचा गुण. theta म्हणजे एकूण वळण, पण अंशांत नाही, रेडियनमध्ये. अनामिकेचे १७० अंश म्हणजे २.९७. २ चे ४.४ झाले, म्हणजे २.२ पट. त्यातून mu निघतो ०.२७ च्या आसपास. आता तोच ०.२७ तर्जनीला लावा, ६० अंश म्हणजे १.०५. उत्तर १.३३ पट, म्हणजे २ चे २.६६. तुम्ही काट्यावर वाचलेत २.६ ते २.७.

म्हणजे घासण्याचा गुण दोन्हीकडे तोच आहे. प्रिंट खराब नाही, भोक लहान नाही, दोरीही वाईट नाही. फक्त वळणं जास्त. आणि एक गंमत, या सूत्रात वळणाची त्रिज्या कुठेच नाही. वळण मोठं गोल केलं म्हणून घर्षण कमी होत नाही. दोरी कापली जाण्यावर मात्र त्रिज्येचा परिणाम होतो, टोकदार कडेवर ब्रेडेड दोरी पीएलएला करवतीसारखी कापते.

रापणकार

ह्या माका म्हायत आसा. बंदराक होडी बांधतंव तेव्हा खुट्याक तीन येढे मारले की एकट्या पोराच्या हातात होडी ऱ्हवता. गणित नाय म्हायत, पण येढो वाढलो की ताकद वाढता ता म्हायत.

मंदगती

भाऊ, तेच आहे हे, अक्षरशः तेच. तुम्हाला तिथे जे हवं असतं ते इथे नकोय एवढंच.

सोल्डर_वेंगुर्ला

आठवडाभर गप्प होतो कारण तळवा तिसऱ्यांदा प्रिंट करत होतो. पावसात फिलामेंट दमट होऊन प्रिंट करताना तडतडतं, थर खरखरीत येतात. ओव्हनमध्ये सुकवायला गेलो आणि पहिलं रीळ वितळून चिकटलं. पीएलए साठच्या आसपास मऊ पडतं हे माहीत असून ओव्हनच्या काट्यावर विश्वास ठेवला, माझीच चूक. आता डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो.

अनामिकेचं आणि करंगळीचं वळण ९० अंशांवर आणलं. आत पीटीएफईची नळी टाकली, थ्रीडी प्रिंटरला लागते तीच, बाहेरून ४ आतून २ मिलिमीटर, दोन्ही टोकं पक्की चिकटवली. पहिल्यांदा एकच टोक चिकटवलं होतं तर नळीच दोरीबरोबर सरकायची.

आता अनामिकेला २ किलोसाठी अडीचच्या आतच लागतात. बोटाचं टोक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबून पाहिलं, आधी २५० ग्रॅम यायचे, आता ५००.

मंदगती

आकडे विश्वासार्ह वाटतात. कागदावर ताडून बघू. सर्व्हो अडल्यावर साधारण १० किलो-सेंटिमीटर, चकरीची त्रिज्या १ सेंटिमीटर, म्हणजे दोरीत १० किलो. बोटाच्या मुळाशी दोरी सांध्याच्या मध्यापासून किती लांब आहे?

सोल्डर_वेंगुर्ला

६ मिलिमीटर. आणि बोटाचं टोक मुळापासून ८ सेंटिमीटर.

मंदगती

मग १० किलोचे टोकाला येतात ७५० ग्रॅम. वाटेत पूर्वी २.२ ने भागलं जायचं, म्हणजे ३४०, त्यातून उघडायच्या रबराचा जोर वजा, म्हणून २५०. आता १.२ ने भागा, सव्वासहाशे, रबर वजा करून पाचशे. जुळतंय.

पण हे अडलेल्या सर्व्होचे आकडे आहेत. सर्व्होला तसं अडवून ठेवलं तर जळेल. आता ती गादी द्या. चकरी आणि दोरी यांच्यामध्ये एक छोटी स्टेनलेसची स्प्रिंग, १ सेंटिमीटर ताणायला २ किलो लागतील अशी. समजा पेल्यामुळे बोट अर्ध्यात थांबलं आणि चकरीला अजून १६ मिलिमीटर फिरायचं राहिलं. ते १६ मिलिमीटर स्प्रिंग घेईल, दोरीत ३.२ किलो ताण राहील, सर्व्हो आपल्या कोनावर पोचून शांत बसेल. रबर वजा करून टोकाला शंभरेक ग्रॅमच मिळतील, पण कायम मिळतील आणि मोटर न तापता मिळतील.

सोल्डर_वेंगुर्ला

पाचशेचे शंभर करायला जिवावर येतंय ताई.

कवचकार

टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. गुळगुळीत पीएलएने पेला धरायला जेवढा दाब लागतो त्यापेक्षा बराच कमी दाब रबराला लागतो. आमच्याकडेही बोटांची टोकं कधी कडक ठेवत नाहीत.

सोल्डर_वेंगुर्ला

स्प्रिंगा टाकल्या, ट्यूब चिकटवली. पाण्याने भरलेला पेला पाच मिनिटं धरला! आवाज नाही, मॉड्यूल कोमट.

पण पाच मिनिटं मलाही मूठ आवळून बसावं लागलं, माझाच हात भरून आला.

मंदगती

तसं करायचंच नसतं. स्नायू थकला की सिग्नलचं स्वरूप बदलतं, त्याच जोराला आकडा वेगळा यायला लागतो, मग तुमचा १२० चा उंबरठा निरुपयोगी. एकदा आवळलं की मिटलेलं राहू दे, उघडायला दुसरा स्नायू. हाताच्या बाहेरच्या बाजूला, बोटं सरळ करणारा. तिथे दुसरा सेन्सर. आणि हात हलत असताना सेन्सरचं ऐकू नका.

सोल्डर_वेंगुर्ला

केलं. पण नवीन गंमत, मी जोरात मूठ आवळली की हात उघडतो!

मंदगती

हो, जोरात आवळताना मनगट सांभाळायला बाहेरचे स्नायूही कामाला लागतात. नुसता आकडा नका बघू, दोघांत वरचढ कोण ते बघा.

सोल्डर_वेंगुर्ला

हा चालला:

```
if (millis() - lastMove > 400) {
  if (!closed && flex > 130 && flex > ext) {
    closed = true;  closeHand(); lastMove = millis();
  } else if (closed && ext > 110 && ext > flex) {
    closed = false; openHand();  lastMove = millis();
  }
}
```

दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेला धरून दाखवतोय. एक गोष्ट मात्र राहिलीच. अर्ध्या तासाने घाम येतो, इलेक्ट्रोडच्या कडा सुटतात, आणि सैल हाताचा आकडा ४५ वरून ९० वर चढतो. दर वेळी नवीन इलेक्ट्रोड परवडत नाहीत. स्पिरिटने पुसून लावले तरी अर्धा तासच. आणि त्यांच्या बटणांवर आत्ताच हिरवट थर दिसायला लागलाय.

फिल्टरवाला

सुरुवातीला पाच सेकंद सैल आणि पाच सेकंद आवळून उंबरठा दर वेळी नव्याने काढा. सैल आणि आवळलेला यांच्यातला एक तृतीयांश वगैरे.

मंदगती

हे बरोबर सांगितलंत, करायलाच हवं. पण घामाने दोन इलेक्ट्रोडमध्ये ओल पसरली तर आवळलेला आकडाही खाली येतो, मग दोघांतलं अंतरच उरत नाही. तिथे नव्याने मोजून भागणार नाही.

कवचकार

आम्ही चिकटणारे वापरतच नाही, कवचात बसवलेल्या स्टेनलेसच्या टिकल्या असतात. त्यांना थोडा घाम उलट बराच, पहिली दहा मिनिटं कोरडी असताना त्या नीट चालत नाहीत. पण त्या दाबून धरायला कवच हवं, आणि तुमचा सेन्सर कोरड्या धातूवर चालेल का ते करून बघावं लागेल.

रापणकार

स्टेनलेस घेतलंस तर लोहचुंबक लावन बघ. चिकाटलो तर घेव नको, आमच्याकडच्या हवेत त्येका गंज धरता.

सोल्डर_वेंगुर्ला

चहाच्या गाळणीच्या कडेची पट्टी कापून पाहतोय, वेल्क्रोच्या पट्ट्याने आवळून. चुंबक चिकटत नाही. रविवारी आकडे टाकतो.

सुपारीबाग

सुपारीचं राहिलंच.